शेळीचं कारकस, तिसऱ्या तासाला पीएच ६.४: उत्तर 'डीएफडी' का नाही?

परळची_मृण्मयी

जेआरएफची तयारी करतेय, विषय पशुजन्य उत्पादने. काल रात्री अभ्यासिकेत एका प्रश्नावरून आमची चौघांची जोरदार वादावादी झाली आणि शेवटी रखवालदाराने दिवे बंद केले म्हणून थांबलो. आम्ही सोडवतो त्या सराव परीक्षेतला हा प्रश्न. सोपा करून लिहिते.

१२ किलोचं शेळीचं कारकस, म्हणजे सोललेलं अखंड धड, कापल्यानंतर अर्ध्या तासात १ अंश सेल्सिअसच्या, पंखा जोरात चालू असलेल्या चिलरमध्ये ठेवलं. तिसऱ्या तासाला कमरेच्या स्नायूच्या आतलं तापमान ८ अंश, पीएच ६.४. चोवीस तासांनी पीएच ५.७, रंग नेहमीसारखा. सात दिवस २ अंशाला एजिंग केलं तरी कमरेचा भाग वातडच राहिला. फिले, म्हणजे कण्याखालची आतली पट्टी, मात्र मऊ. दोष ओळखा: अ) पीएसई, ब) डीएफडी, क) कोल्ड शॉर्टनिंग, ड) थॉ रायगर.

उत्तरसूचीत 'ब' आहे. स्पष्टीकरण एका ओळीचं: 'पीएच ६ च्या वर असल्याने.' माझं मत 'क'. पण मग एजिंगने ते मऊ का झालं नाही, हे मला नीट सांगता आलं नाही आणि तिथेच मी हरले. रायगर, म्हणजे मेल्यावर स्नायूला येणारा ताठरपणा, सुटतं, असं आपण सगळे शिकतो ना? सुटलं तर मांस मऊ व्हायला हवं.

दुसरा प्रश्न त्यालाच जोडलेला. 'रायगरचं रेझोल्यूशन कशामुळे होतं?' पर्याय: अ‍ॅक्टोमायोसिन सुटल्यामुळे, एटीपी परत तयार झाल्यामुळे, झेड रेषेजवळची प्रथिनं तुटल्यामुळे, कोलॅजन विरघळल्यामुळे. आमच्यातल्या दोघांनी पहिला पर्याय निवडला.

---

फूडटेक_ठाणेकर

मी फूड टेक्नॉलॉजीवाला, तुमचा अभ्यासक्रम वेगळा, पण हा भाग आम्हालाही होता. डीएफडीच बरोबर वाटतं. जनावर कापण्याआधी दमलेलं असलं की ग्लायकोजेन संपलेलं असतं, आम्ल तयार होत नाही, पीएच वर राहतो. इथे ६.४ आहे म्हणजे स्पष्टच आहे. ५.७ ही बहुधा छपाईची चूक असावी.

दुसऱ्याचं उत्तर तिसरा पर्याय. लायसोसोममधले कॅथेप्सिन नावाचे एन्झाइम बाहेर पडतात आणि प्रथिनं तोडतात. आम्ही तरी असंच लिहून गुण मिळवलेत.

---

निवृत्त_मास्तर

ठाणेकर, प्रश्नातला जो आकडा आपल्या उत्तरात बसत नाही त्याला छपाईची चूक म्हणायचं, ही सवय परीक्षेत महागात पडते बरं का. मी तेहतीस वर्षं हा विषय शिकवला आणि पेपरही काढले. ५.७ हाच त्या प्रश्नाचा गाभा आहे.

तिसऱ्या तासाचा पीएच ६.४ म्हणजे वाटेत असलेली गाडी. जिवंत स्नायूचा पीएच ७ च्या आसपास असतो. रक्त थांबलं की प्राणवायू थांबतो. तरी स्नायूला ते लगेच कळत नाही, तो एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करतच राहतो. आधी क्रिएटिन फॉस्फेट त्याला हात देतं, ते संपत आलं की ग्लायकोजेन मोडून काम भागवतो आणि लॅक्टिक आम्ल साठत जातं. शेळीमेंढीत साधारण ५.५ ते ५.८ ला ही घसरण थांबते, तेही कित्येक तासांनी. मग तिसऱ्या तासाला ६.४ असण्यात नवल काय? त्यातून कारकस गार केलेलं. गार झालं की ही सगळी रसायनं मंदावतात, पीएच आणखी सावकाश उतरतो.

डीएफडीचा निकाल गाडी कुठे थांबली यावर लागतो. चोवीस तासांनीही पीएच ६ च्या वर, मांस गडद, हाताला चिकट आणि कोरडं, तर डीएफडी. इथे गाडी ५.७ ला पोहोचली, रंग नेहमीचा. म्हणजे ग्लायकोजेन पुरेसं होतं, जनावर फार दमलेलं नव्हतं. पीएसईमध्ये उलटं घडतं. कारकस गरम असतानाच, पाऊण तासात, पीएच ६ च्या खाली येतो आणि मांस फिकट, ढिलं, पाणी सोडणारं होतं. तो प्रामुख्याने डुकराचा रोग. इथे त्याचं एकही लक्षण नाही.

मृण्मयी, तुमचं 'क' बरोबर. एजिंगचं सविस्तर संध्याकाळी लिहितो. आत्ता नातवाला पोहायला न्यायचंय.

---

सुगरण_गिरगाव

मला यातलं निम्मं कळलं नाही, पण 'वातड' शब्द दिसला म्हणून थांबले. एजिंग म्हणजे मटण शिळं करणं का? सात दिवस शिळं मटण मऊ नाही झालं तर वाईट काय वाटून घ्यायचं, टाकून द्या की!

आमची गोष्ट सांगते. गेल्या महिन्यात गावी जायचं होतं म्हणून यजमानांनी रविवारी पहाटे साडेपाचलाच दोन किलो बोकडाचं मटण आणलं. इतकं ताजं की तुकडे पातेल्यात उडत होते, मला तर बघवेना. तसंच पिशव्या भरून फ्रीझरमध्ये टाकलं. दहा दिवसांनी काढलं तर पिशवीत हे एवढं लाल पाणी आणि तुकडे आक्रसून निम्मे. आठ शिट्ट्या केल्या तरी चावेना. यजमान म्हणतात खाटकाने म्हातारं बोकड दिलं. तीस वर्षं त्याच्याकडून घेतोय, तो असं करणार नाही. ताजं मटण वातड कसं होईल?

---

परळची_मृण्मयी

ताई, तुम्ही नकळत माझ्या प्रश्नातला चौथा पर्याय लिहिलात! तुकडे उडत असताना फ्रीझर, वितळताना लाल पाणी, आक्रसलेले तुकडे. हे थॉ रायगर आहे, पुस्तकातल्यासारखं. मास्तर, बरोबर ना?

आणि एजिंग म्हणजे शिळं करणं नाही. थंडीत, स्वच्छ टांगून, मुद्दाम थांबणं.

---

निवृत्त_मास्तर

जवळपास बरोबर. 'पुस्तकातल्यासारखं' मात्र म्हणू नका, का ते पुढे येईल. पोहून आलो, आता सलग लिहितो.

रायगर म्हणजे काय घडतं ते एका जागी समजलं तर चारही पर्याय आपोआप सुटतात. स्नायूत जाड आणि पातळ तंतू एकमेकांत सरकतात. मायोसिनची डोकी पातळ तंतूला पकडतात, ओढतात, सोडतात. पकडायला त्यांना कॅल्शियम लागतं, सोडायला एटीपी लागतं. विद्यार्थी नेहमी उलटं लिहितात की एटीपी संपलं म्हणून स्नायू आकुंचन पावतो. एटीपी संपलं म्हणून तो *सुटत नाही*. ज्या लांबीत असेल त्या लांबीत त्याला कुलूप लागतं. हे कुलूप म्हणजे रायगर.

म्हणून खरा प्रश्न असा की कुलूप लागायच्या क्षणी स्नायू किती लांब होता? बोटं पसरलेल्या हातावर प्लास्टर चढवणं वेगळं आणि वळलेल्या मुठीवर चढवणं वेगळं.

आता चिलरकडे या. पेशीतलं कॅल्शियम एका जाळीत कोंडून ठेवलेलं असतं आणि एक पंप ते सतत आत ओढत असतो. तापमान १० अंशाच्या खाली आलं की हा पंप ढेपाळतो, कॅल्शियम पाझरून तंतूंपर्यंत पोहोचतं. त्या वेळी एटीपी संपलेलं असतं तर काही बिघडलं नसतं, कुलूप आधीच लागलेलं असतं. पण पीएच ६.४ म्हणजे एटीपी अजून बरंच शिल्लक आहे. कॅल्शियमही आहे, एटीपीही आहे, मग स्नायू करायचं तेच करतो, जोरात आकसतो. पुढे सावकाश एटीपी संपतं आणि वळलेल्या मुठीवर प्लास्टर बसतं.

परीक्षेतला '१० अंश आणि पीएच ६' हा नियम इथून आलाय. पीएच ६ मध्ये जादू काही नाही. एटीपी किती उरलंय हे कारखान्यात मोजता येत नाही, पीएच मोजता येतो, म्हणून पीएच हे त्याचं घड्याळ. पीएच ६ च्या खाली उतरायच्या आत स्नायू १० अंशाच्या खाली गेला तर धोका. तुमच्या प्रश्नात तिसऱ्या तासाला ८ अंश आणि ६.४. दोन्ही काटे चुकीच्या जागी आहेत.

हे सापडलं न्यूझीलंडमध्ये, कारण दुखणं त्यांचं होतं. १८८२ पासून ते गोठवलेली कोकरं जहाजाने इंग्लंडला पाठवत होते. पुढे गोठवण्याची यंत्रणा जितकी वेगवान झाली तितक्या चिवट मांसाच्या तक्रारी वाढल्या. १९६३ मध्ये लॉकर आणि हॅगयार्ड यांनी गोमांसाचे स्नायू हाडापासून सोडवून वेगवेगळ्या तापमानांना ठेवले आणि किती आक्रसतात ते मोजलं. सगळ्यात कमी आक्रसले ते १४ ते १९ अंशांच्या पट्ट्यात. शून्याजवळ नेलेले जवळजवळ निम्मे झाले. खूप गरम ठेवले तरी आक्रसणं पुन्हा वाढलं, हे लोक विसरतात.

---

फूडटेक_ठाणेकर

मान्य, डीएफडी मागे घेतो. छपाईच्या चुकीबद्दल कान पकडले.

पण मग शेळीच का? आम्ही डुकराच्या मांसावर प्रात्यक्षिक केलं होतं, तिथे झटपट गार करणं चांगलंच म्हणायचे.

---

कोल्डचेन_तळोजा

मी चिलरवाल्या बाजूचा माणूस, म्हणून ठाणेकरांना मी उत्तर देतो. दोन कारणं. एक, शेळी लहान आणि वरती चरबी नाही. म्हशीचं कारकस शंभर किलोच्या वर, त्याच्या मांडीच्या आतला भाग आमच्याकडे रात्रभर कोमट असतो, त्याला थंडी गाठेपर्यंत पीएच उतरून गेलेला असतो. १२ किलोची शेळी उघड्या पंख्याखाली तीन तासांत ८ अंशावर येते, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. दोन, शेळीमेंढीत लाल तंतू जास्त आणि त्यांच्यावर थंडीचा परिणाम जास्त होतो. डुकरात पांढरे तंतू जास्त, शिवाय त्याचा पीएच मुळातच भराभर उतरतो. त्याला उलट पीएसईची भीती, म्हणून लवकर गार करतात.

आम्ही दोन गोष्टी करतो. कापल्यावर लगेच विजेचे झटके. स्नायू मेल्यावरही त्या झटक्यांनी थडथडतो, त्यात एटीपी आणि ग्लायकोजेन संपतं, पीएच पटकन उतरतो, मग खुशाल गार करा. किंवा झटके नसतील तर आधी काही तास १५ अंशाच्या आसपास ठेवून मग चिलर. 'उपाय लिहा' असा उपप्रश्न आला तर ही दोन लिहा.

मास्तरांनी एक राहू दिलं. आमच्याकडे येणाऱ्या शेळ्यांचा चोवीस तासांचा पीएच बऱ्याचदा ५.९, ६ असा येतो. शेळी गाडीत फार घाबरते. म्हणजे खऱ्या आयुष्यात डीएफडीसारखं आणि कोल्ड शॉर्टनिंग दोन्ही एकाच कारकसमध्ये मिसळलेलं असू शकतं. पेपरातली शेळी फार सभ्य आहे.

---

निवृत्त_मास्तर

ते खरंय. पेपर काढताना आम्ही मुद्दाम सभ्य शेळी निवडायचो, नाहीतर दोन उत्तरं बरोबर ठरतात आणि हरकती येतात.

---

खाटीक_दादर

नमस्कार. वडिलोपार्जित दुकान, तिसरी पिढी. मुलगी हे वाचत होती तिने दाखवलं.

सुगरणताई, तुमच्या खाटकाने म्हातारं दिलेलं नसणार. पहाटे साडेपाचला उडणारं मटण म्हणजे तासाभराच्या आतलं. असं मटण आम्ही घरी नेत नाही. गिऱ्हाईकाला उडणारं दिसलं की आनंद होतो, 'एकदम ताजं' म्हणून घेतात. आमचा आजा म्हणायचा, अंग धरू दे, मग तोड. रात्री दोनला कापलेलं बोकड सकाळी सातपर्यंत टांगलेलं राहिलं की पाय ताठ होतो. मी फऱ्याचा सांधा वाकवून बघतो. वाकत नाही म्हणजे अंग धरलं. मग तोडलं की तुकडा उडत नाही, आकसतही नाही. तोच तुकडा गरम असताना तोडा, फळीवरच गोळा होतो.

हे तुमच्या पुस्तकातलंच का, ते मला माहीत नाही.

---

परळची_मृण्मयी

काका, हे इतकं पुस्तकातलं आहे की मला आधी का सुचलं नाही याची लाज वाटतेय. टांगलेल्या कारकसमध्ये स्नायू दोन्ही टोकांना हाडाला बांधलेला असतो, आकसायला जागाच कमी. हाडापासून सोडवला की मोकळा. आणि पाच तास मुंबईच्या उकाड्यात म्हणजे एटीपी भराभर संपून रायगर आलेलं. मग त्याला फ्रिजमध्ये ठेवलं तरी थंडी काही करू शकत नाही.

---

निवृत्त_मास्तर

अगदी. 'अंग धरू दे' हे तीन शब्द मला तेहतीस वर्षांत सुचले नाहीत.

आता सुगरणताईंचं मटण. तुकडे उडत होते म्हणजे एटीपी भरपूर होतं. ते गोठवलं. बर्फाच्या स्फटिकांनी कॅल्शियम कोंडणारी जाळी फाटली. गोठलेलं असेपर्यंत सगळं स्तब्ध. दहा दिवसांनी वितळू लागलं, तेव्हा कॅल्शियम एकदम मोकळं, एटीपी अजून शिल्लक, आणि तुकडे हाडापासून सुटे. मोकळा तुकडा अशा वेळी निम्म्याहूनही जास्त आक्रसू शकतो. पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर येतं, तेच तुमचं लाल पाणी. हे थॉ रायगर.

मग 'पुस्तकातल्यासारखं' का नाही? घरच्या फ्रीझरमध्ये दोन किलोच्या पिशव्या पटकन गोठत नाहीत, कित्येक तास जातात. त्या वेळात मांस १० अंशाखाली असतं आणि गोठलेलं नसतं. म्हणजे आधी कोल्ड शॉर्टनिंग झालं, काही एटीपी तिथेच खर्च झालं आणि उरलेल्यावर थॉ रायगर, असंही असेल. फ्रीझरमध्ये टाकताना आणि काढल्यावर तुकड्यांची लांबी मोजली असती तर सांगता आलं असतं. वितळताना डोळ्यांदेखत आकसले असतील तर थॉ रायगरचं पारडं जड.

बोकड म्हातारं असण्याची शक्यताही मी पूर्ण फेटाळत नाही. पण म्हाताऱ्या जनावराचा चिवटपणा कोलॅजनचा असतो, तो जास्त शिजवल्यावर कमी होतो. आठ शिट्ट्यांनंतरही चावत नसेल आणि पाणी इतकं सुटलं असेल, तर खाटीक निर्दोष.

---

सुगरण_गिरगाव

यजमानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'बरं.' एवढंच. पण मला हवं होतं तेवढं मिळालं. मग आता आणल्यावर तीन तास ओट्यावर ठेवायचं का?

---

कोल्डचेन_तळोजा

ताई, नको! बाहेर ३२ अंशांत कापलेले तुकडे तीन तास म्हणजे जंतूंची जत्रा. टांगलेल्या अखंड कारकसचा पृष्ठभाग सुकलेला असतो, आत जंतू नसतात. तुकडे केले की सगळीकडे ओल आणि सुरीचे जंतू. शिवाय गरमीतही आकसतं, मास्तरांनी वर लिहिलंय. जे काही थांबायचं ते कारकसने थांबायचं, तुकड्यांनी नाही. अंग धरलेलं बघून घ्या आणि घरी आणून लगेच फ्रिजात ठेवा.

---

फूडटेक_ठाणेकर

आता माझ्या कॅथेप्सिनचं काय? आणि मृण्मयीचा मूळ प्रश्न राहिलाच की: सात दिवसांनीही मऊ का नाही?

---

निवृत्त_मास्तर

'रेझोल्यूशन' या शब्दाने पोरांची पिढ्यान्‌पिढ्या फसवणूक केलीय. कुलूप उघडलं, असा भास होतो. उघडत नाही. एटीपी परत तयार होत नाही, अ‍ॅक्टोमायोसिनची पकडही ढोबळमानाने तशीच राहते. होतं असं की कुलूप तसंच आणि दाराची चौकट कुजते. झेड रेषेपाशी तंतूंना बांधून ठेवणारी प्रथिनं, म्हणजे डेस्मिन, टायटिन, नेब्युलिन, ही कापली जातात. ट्रोपोनिन टी सुद्धा तुटतं, त्याचा ३० हजार डाल्टनच्या आसपासचा तुकडा जेलवर, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या चाचणीत, दिसू लागला की एजिंग चाललंय असं समजतात. तिसरा पर्याय.

कापणारा कोण? जुन्या पुस्तकांत कॅथेप्सिन आहे, म्हणून ठाणेकरांना गुण मिळाले. पण कॅथेप्सिन मुख्य असते तर त्यांनी मायोसिन आणि अ‍ॅक्टिनलाही चांगलंच कुरतडलं असतं. साध्या थंड एजिंगमध्ये ती दोन्ही बहुतेक शाबूत राहतात. जे तुटतं ते कॅल्पेन या दुसऱ्या एन्झाइमला आवडणारं. कॅल्पेन कॅल्शियमने जागा होतो आणि कॅल्पास्टॅटिन त्याला दाबून धरतं. आज उत्तर लिहायचं तर कॅल्पेन-१ लिहा.

---

फूडटेक_ठाणेकर

एक शंका. कॅल्शियमने जागा होतो म्हणता, तर कोल्ड शॉर्टनिंगमध्ये कॅल्शियम लवकर सुटलं. मग कॅल्पेन लवकर जागा होऊन मांस *जास्त* मऊ व्हायला नको का?

---

निवृत्त_मास्तर

हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न.

मी शिकवायचो ते असं. मांस चावताना दात झेड रेषेजवळच्या मोकळ्या पट्ट्यात तोडतात, तिथे फक्त पातळ तंतू असतात, ती कमजोर जागा. स्नायू ४० टक्क्यांच्या आसपास आक्रसला की ही मोकळी जागाच उरत नाही, जाड तंतू थेट झेड रेषेला जाऊन भिडतात. चौकट कुजली तरी दार भिंतीतच चिणलेलं. मार्श आणि लीट यांनी १९६६ मध्ये दाखवलं की चिवटपणा त्या ४० टक्क्यांपाशी शिगेला जातो. गंमत म्हणजे ६० टक्क्यांपर्यंत आक्रसलेलं मांस पुन्हा मऊ लागतं, कारण मग तंतू स्वतःच फाटतात.

शिवाय कॅल्पेनही थंडीत मंद असतो. २ अंशाला तो काम करतो, पण रेंगाळत.

---

कोल्डचेन_तळोजा

दुसरी बाजूही ऐकलीय. आखडलेल्या स्नायूत कॅल्पेनला प्रथिनांपर्यंत पोहोचायलाच जागा मिळत नाही, म्हणून तोडफोडच कमी होते. म्हणजे चौकट कुजलीच नाही. आमच्या एका सल्लागाराचं आणि प्रयोगशाळेच्या बाईंचं यावरून दर भेटीत वाजतं. जेलवर ट्रोपोनिन टी चा तुकडा कमी दिसला तर बाईंचं खरं, नेहमीसारखा दिसूनही मांस वातड लागलं तर सल्लागाराचं. दोघांकडेही आपापल्या बाजूचे जेल आहेत.

---

निवृत्त_मास्तर

थोडंथोडं दोन्ही असावं असं माझं मत, पण पैज लावणार नाही. पाच गुणांच्या उत्तरात मात्र आधी तंतूंच्या गुंतण्याचं कारण लिहा.

---

परळची_मृण्मयी

म्हणजे मी परवा हरले ते 'सुटतं' या शब्दामुळे. हरकत पाठवतेय, लिहिलंय ते असं: 'डीएफडी ठरवायला अंतिम पीएच लागतो, तो ५.७ आहे. तिसऱ्या तासाला तापमान १० अंशाखाली आणि पीएच ६ च्या वर, म्हणून कोल्ड शॉर्टनिंग. कारकस गोठवलेलं नाही, म्हणून थॉ रायगर नाही.'

एकच राहिलं. फिले मऊ का राहिली? मी लिहिलंय की ती आतल्या बाजूला, म्हणून उशिरा गार होते. पण १२ किलोच्या शेळीत आत म्हणजे तरी किती आत?

---

निवृत्त_मास्तर

ते कारण काढून टाका. फिले पोटाच्या पोकळीकडून उघडी असते, तिलाही वारा लागतो. कारकस टाचेच्या शिरेला आकडा लावून टांगतो तेव्हा मागचा पाय मागे सरळ ओढला जातो आणि फिले ताणली जाते. ताणलेल्या स्थितीत तिला कुलूप लागतं. कमरेचा वरचा स्नायू मात्र त्या टांगणीत सैल राहतो, त्याला आकसायला वाव मिळतो. त्यात फिलेमध्ये कोलॅजन मुळातच कमी.

याचा उपयोगही करतात. आकडा टाचेऐवजी पुठ्ठ्याच्या हाडातल्या भोकातून घालायचा. पाय खाली लोंबतो, पोटाच्या बाजूला वळतो, मांडीचे आणि कमरेचे स्नायू ताणले जातात. पैसा न लागणारा उपाय. हरकतीत नाही, पण उपायांत तिसरा म्हणून लिहा.

---

खाटीक_दादर

हे आकड्याचं मी उद्याच करून बघतो. दोन बोकडं सारखीच आहेत, एक टाचेला, एक पुठ्ठ्याला. पण मास्तर, तसं टांगलं तर आतली फिले सैल पडून ती वातड होणार की नाही?

---

निवृत्त_मास्तर

होणार, थोडी. एकाला ताणलं की दुसरा सैल पडतोच. तुमच्याकडे गिऱ्हाईक ती पट्टी वेगळी मागतं का?

---

खाटीक_दादर

मुंबईत? ती चापांबरोबर तोडून किलोत जाते, खाणाऱ्याला पत्ताही नसतो. मग पुठ्ठ्यालाच लावतो. एक अडचण आहे, पाय खाली लोंबल्यावर बोकड आडवं जास्त जागा घेतं आणि माझ्या दांडीवर आठाच्या जागी पाचच मावतील. शनिवारी रात्री ते परवडणार नाही, बुधवारी करून सांगतो.

---

सुगरण_गिरगाव

बुधवारी आमच्याकडे खात नाहीत. शुक्रवारी ठेवा, मी दोन्हीचं अर्धा अर्धा किलो घेते आणि एकाच वेळी दोन कुकर लावते.